जागेवरचा राजीनामा

गेल्या वर्षी एका संध्याकाळी सोलापुरात सात रस्त्याला सिग्नलवर थांबलो होतो. मागून धाड्कन आवाज झाला आणि गाडी हातभर पुढे सरकली. मागच्या सीटवर मुलगी होती. तिला आधी पाहिलं, ती ठीक होती. मग खाली उतरलो. मागे मालवाहू टेम्पो, त्यातून उतरलेला पोरगा विशीतला असेल. "सर, ब्रेक लागला नाही," एवढंच तो म्हणाला.

दोन मिनिटांत गर्दी जमली. माझ्यासारख्या माणसाला अशा गर्दीची धास्ती वाटते. कोणी नाव विचारलं तर बोलणं बंपरवरून भलतीकडेच जाईल, असं मनात येतं. त्या दिवशी तसं काही झालं नाही. लोकांना फक्त रस्ता मोकळा हवा होता. "दोन हजार घ्या आणि मिटवा की सर." पोराच्या खिशात हजार होते. त्याने मालकाला फोन लावून माझ्या हातात दिला. मालक म्हणाला, "तुमचा इन्शुरन्स आहे ना? मग भांडता कशाला? तिकडून घ्या."

मी भांडत नव्हतो. पण "तिकडून" म्हणजे नेमकं कुणाच्या खिशातून, ते मला त्या क्षणी सांगता आलं नाही. एक गोष्ट मात्र कळत होती: बंपर उघडल्याशिवाय आकडा बोलायचा नाही. प्लास्टिकचं बंपर दाबलं गेलं की बाहेरून ओरखडाच दिसतो, आतले पकडणारे ब्रॅकेट तुटलेले असतात. दोन हजार घेऊन घरी गेलो असतो, तर ते दुसऱ्या दिवशी कळलं असतं.

दोन्ही गाड्यांचे, नंबर प्लेट दिसतील असे फोटो काढले. पोराच्या लायसन्सचा फोटो घेतला. एम-परिवहन ॲपवर टेम्पोचा नंबर टाकून पाहिला, विमा चालू होता. मालकाला म्हटलं, "पुढच्या चौकात गॅरेज आहे, तिथे या. मिस्त्री सांगेल ते दोघं मिळून ऐकू."

मिस्त्रीने बंपर उतरवलं. दोन ब्रॅकेट तुटलेले, बंपर आतून चिरलेलं. नवं बंपर ३,२००, ब्रॅकेट ४००, रंग ३,०००, मजुरी १,०००. एकूण ७,६००. मागचा दिवाही फुटलेला होता, त्याचे २,२०० त्याने वर धरले. मी म्हणालो, तो दिवा काढा. तो मीच सहा महिन्यांपूर्वी शाळेच्या गेटला रिव्हर्समध्ये ठोकला होता.

मालक येईपर्यंत मी माझ्या विमा एजंटला फोन लावला, आणि मिस्त्रीच्या वहीच्या मागच्या पानावर हिशेब मांडला. माझी पॉलिसी सर्वसमावेशक आहे, पण झिरो डेप्रिसिएशनची जोड नाही. गाडीला साडेतीन वर्षं झालेली. अशा पॉलिसीत प्लास्टिकच्या भागांची निम्मीच किंमत मिळते. म्हणजे बंपरचे १,६०० आणि ब्रॅकेटचे २००. रंगाच्या बिलातला चौथा हिस्सा साहित्याचा धरतात आणि त्याचा निम्मा कापतात, म्हणून ३,००० चे २,६२५. मजुरी पूर्ण १,०००. बेरीज ५,४२५. त्यातून सक्तीची वजावट १,००० गेली, कारण पंधराशे सीसीपर्यंतच्या कारला पहिले हजार आपलेच असतात. हातात ४,४२५.

खरा खर्च पुढे होता. क्लेम न केल्याबद्दल हप्त्याच्या ओन डॅमेज भागावर सूट मिळते: पहिल्या वर्षानंतर २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि शेवटी ५०. मला तेव्हा ३५ टक्के मिळत होती, नूतनीकरणाला ४५ झाली असती. एक क्लेम केला की पुन्हा शून्य. माझा हा हप्ता सुटीआधी साधारण ६,००० होता. तो तेवढाच धरला, तर पहिल्या वर्षी २,७०० जास्त, दुसऱ्या वर्षी १,८००, मग १,५००, ९०० आणि ३००. पाच वर्षांत ७,२००. गाडी जुनी होईल तसा हप्ता उतरतो, म्हणून आकडा थोडा कमी होईल. तरी ४,४२५ घेण्यासाठी मी त्याहून जास्त भरणार होतो, आणि धडक तर टेम्पोने दिली होती. "तिकडून घ्या" म्हणजे माझ्याच पुढच्या पाच वर्षांतून घ्या.

मग टेम्पोच्या विम्याचं काय? थर्ड पार्टी विम्यात दुसऱ्याच्या मालमत्तेचं नुकसान येतं, पण तो दावा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात लावावा लागतो. साडेसात हजारांसाठी तारखा कोण घालणार?

मालक आला. मी वही त्याच्यापुढे ठेवली. तो तीन हजारांवर अडला होता. दिवा मी स्वतःहून काढायला लावला हे मिस्त्रीने सांगितलं, तेव्हा त्याचा सूर बदलला. ७,००० वर तुटलं, त्याने यूपीआयने तिथेच दिले. तेवढ्यात मिस्त्री हळूच म्हणाला, "सर, हे घ्या आणि वर क्लेमपण टाका." एकाच नुकसानीचे दोनदा पैसे घेणं म्हणजे क्लेम फॉर्मवर खोटी सही करणं. ते नको म्हणालो.

मग कागद केला. उर्दूत अशा कागदाला राजीनामा म्हणतात, दोघंही राजी असल्याचा लेख. मराठीत तोच शब्द नोकरी सोडायला गेला, म्हणून मी वर "तडजोड" लिहिलं. तारीख, वेळ, जागा, दोन्ही गाड्यांचे नंबर, काय मोडलं, किती मिळाले, आणि शेवटी: ही रक्कम फक्त वाहनाच्या नुकसानीपोटी आहे, त्याबद्दल पुढे काही मागणी नाही. "फक्त वाहनाच्या" हे शब्द मुद्दाम घातले. मुलगी ठीक होती, पण मानेचं दुखणं कधी दुसऱ्या दिवशी कळतं. कुणाला लागलं असतं तर जागेवर मिटवायचा प्रश्नच नव्हता. मग आधी दवाखाना, आणि पोलिसांना चोवीस तासांच्या आत कळवणं कायद्यानेच बंधनकारक आहे.

हाच हिशेब कधी उलटाही पडतो. पत्रा आत गेला असेल, डिकी लागत नसेल, बिल तीस-चाळीस हजारांचं असेल, तर क्लेमच करावा. मग जागेवर पैसे घेऊ नयेत आणि कंपनीचा माणूस पाहून जाईपर्यंत दुरुस्तीला हात लावू नये. आणि चूक आपली असेल तर एक अट लक्षात ठेवावी: कंपनीच्या लेखी संमतीशिवाय चूक कबूल करायची नाही, पैसे द्यायचे किंवा कबूल करायचे नाहीत, असं पॉलिसीतच लिहिलेलं असतं. त्या मालकाने मला दिलेले सात हजार त्याला त्याच्या विम्यातून परत मागता येणार नव्हते.

म्हणूनच निघताना मी त्याला म्हणालो, "पोराच्या पगारातून कापू नका." तो म्हणाला, "बघू."

पुढच्या नूतनीकरणाला मला ४५ टक्के सूट मिळाली. पगाराचं काय झालं ते मला कळलं नाही. कागदावर मालकाचा नंबर आहे, त्या पोराचा नाही.