आधी कॅप्सूल, मग रिपोर्ट



मी इंदूरचा. बँकेत छत्तीस वर्षं काढली, त्यातली बरीचशी कर्जविभागात. कागद पूर्ण झाल्याशिवाय पैसा सुटत नाही हे माझ्या हाडीमाशी भिनलेलं आहे, आणि याच सवयीपायी मी मागच्या वर्षी घरातल्या एका तरुण माणसाचा जीव धोक्यात घालणार होतो. म्हणून हे लिहितोय.

धाकट्या भावाचा मुलगा, वय ३४. ऑक्टोबर महिना, गावभर डेंगीचं थैमान. त्याने शुक्रवारी दाढ काढून घेतली, आणि शनिवारी रात्रीपर्यंत रक्त थांबेना. कापसाचे बोळे बदलून वहिनी थकली. दुखतंय म्हणून जवळच्या दवाखान्यात कमरेवर इंजेक्शन दिलं, तर तिथे लिंबाएवढी निळी गाठ आली. रविवारी रक्त तपासलं. प्लेटलेट १४ हजार (किमान दीड लाख हव्यात), पांढऱ्या पेशी १९००, हिमोग्लोबिन ८.१. सगळे एकसुरात म्हणाले, डेंगी. शेजारच्या काकू पपईच्या पानांचा रस घेऊन हजर.

पण त्याला ताप नव्हता. डेंगीतही प्लेटलेट आणि पांढऱ्या पेशी उतरतात, त्यामुळे फसायला होतं. पण डेंगीत हिमोग्लोबिन असं खाली येत नाही, उलट रक्त दाट होतं. आणि मांड्यांवर, न आपटता, हाताच्या पंजाएवढे निळे डाग उठले होते. हे त्या वेळी आमच्यापैकी कुणाला जुळवता आलं नाही. जुळवलं ते सोमवारी मोठ्या हॉस्पिटलातल्या पॅथॉलॉजीच्या डॉक्टरीणबाईंनी. मशीनच्या आकड्यांवर न थांबता त्यांनी काचेवर रक्ताचा थेंब पसरून स्वतः सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. मोजक्याच पेशी, पण अर्धवट वाढलेल्या, दाणेदार, आणि काहींच्या आत काड्यांची मोळी बांधावी तशा रेघा. त्यांनी लगेच रक्तविकाराच्या डॉक्टरांना फोन लावला. फायब्रिनोजेन तपासलं, ते ९० निघालं. दोनशेच्या वर असायला हवं.

डॉक्टरांनी भावाला आणि मला खोलीत बोलावलं. "अक्यूट प्रोमायलोसायटिक ल्युकेमिया वाटतोय. रक्ताचाच कॅन्सर, पण या जातीचे बहुतेक रोगी बरे होतात. अट एकच, पहिले काही दिवस निभावले पाहिजेत. यातली माणसं कॅन्सरने कमी, मेंदूत रक्तस्राव होऊन जास्त जातात, आणि तेही सुरुवातीलाच. औषध आत्ता सुरू करतोय."

मी विचारलं, "खात्रीचा रिपोर्ट?"

"जनुकांची तपासणी मुंबईला जाईल. तीन-चार दिवस."

माझ्यातला बँकवाला जागा झाला. म्हटलं, डॉक्टरसाहेब, रिपोर्टशिवाय कॅन्सरचं औषध कसं द्यायचं? त्यापेक्षा आम्ही रात्रीच्या गाडीने मुंबईलाच नेतो. भाऊ माझ्याकडे बघत होता, "दादा, तू म्हणशील तसं."

डॉक्टर रागावले नाहीत. म्हणाले, "काका, हिशेब करा. औषध दिलं आणि रिपोर्ट उलटा आला, तर औषध बंद करू; चार दिवसांत डोकं दुखलं, ओठ सुकले, एवढंच नुकसान. औषध दिलं नाही आणि रिपोर्ट बरोबर आला, तर तो वाचायला मुलगा असेलच असं नाही. मुंबईला न्यायचं तर न्या, पण पहिला डोस पोटात गेल्यावर. आणि रेल्वेच्या डब्यात प्लेटलेट कोण देणार?"

मी गप्प झालो.

औषधाचं नाव ट्रेटिनॉइन, डॉक्टरमंडळी आट्रा म्हणतात. हे अ जीवनसत्त्वाचंच एक रूप. याचं मलम मुरमांवर वापरतात हे ऐकून तर मी चाटच पडलो. झालेलं असं असतं की १५ आणि १७ नंबरच्या गुणसूत्रांचे तुकडे अदलाबदल होऊन चिकटतात. त्यातून जे प्रथिन बनतं ते पेशीला मोठं होऊ देत नाही. शरीरातल्या नेहमीच्या अ जीवनसत्त्वाला ते दाद देत नाही, मोठ्या मात्रेला देतं. तोवर या अर्धवट पेशी असा माल सोडत राहतात की रक्तात जागोजागी गुठळ्या बनतात आणि लगेच विरघळतात. गुठळीचं सामान यातच संपतं. मग दाढेच्या खड्ड्यासाठी काही उरतच नाही. प्लेटलेट नुसत्या भरून हे थांबत नाही, कारण गळती चालूच असते. आट्रा त्या पेशींना मारत नाही, वाढवून प्रौढ करतं, आणि गळती मुळाशी आटते. पण त्यालाही काही दिवस लागतात. म्हणून एकेक रात्र महत्त्वाची. गाजर, कॉडलिव्हर ऑइल किंवा दुकानातल्या अ जीवनसत्त्वाच्या गोळ्यांनी हे होत नाही, हेही सांगून ठेवतो, कारण मला तिघांनी विचारलं.

मात्रा शरीराच्या पृष्ठभागावर ठरते, दर चौरस मीटरला रोज ४५ मिलिग्रॅम. त्याचे १.८ चौरस मीटर, म्हणजे ८१, धरले ८०. दहाच्या आठ कॅप्सूल, चार सकाळी, चार रात्री, जेवणासोबत. हॉस्पिटलच्या दुकानात त्या नव्हत्याच! दवा बाजारातल्या एका होलसेलवाल्याला घरून उठवून रात्री साडेअकराला भावाने आणल्या. सोबत प्लेटलेट ३० ते ५० हजारांवर आणि फायब्रिनोजेन दीडशेवर ठेवायला रोज पिशव्या. नर्सला ताकीद: कमरेत सुई नाही, मानेच्या शिरेत नळी नाही, हाताच्या शिरेवरच भागवा.

त्या रात्री दर दोन तासांनी त्याला उठवून विचारायचं होतं, डोकं दुखतंय का, धूसर दिसतंय का. खुर्चीत बसल्या बसल्या मला माझी बहीण आठवत राहिली. १९७९ साली, ग्वाल्हेरला, एकवीस वर्षांची. नाकातून, हिरड्यांतून रक्त, आणि चौथ्या दिवशी बेशुद्ध. नुसतं "ब्लड कॅन्सर" म्हणून सांगितलं होतं. तिला हाच होता का, ते आता कुणालाच सांगता येणार नाही. होता तरी हे औषध नव्हतं. शांघायच्या डॉक्टर वांग झेनयींनी ते प्रथम वापरलं १९८५ च्या सुमारास, एका पाच वर्षांच्या मुलीवर. २४ रुग्णांचा अहवाल छापून आला १९८८ साली.

गुरुवारपासून नवे डाग थांबले. शुक्रवारी मुंबईचा रिपोर्ट आला, निदान तेच. तोवर त्याच्या पोटात तिसाहून जास्त कॅप्सूल गेल्या होत्या. मग शिरेतून आर्सेनिक सुरू झालं. हो, तोच सोमल! वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात नुसत्या आर्सेनिकवरही यातले रुग्ण बरे केलेत. सलाईनमधून दोन तास देतात, हृदयाच्या ठोक्यांवर ईसीजीने लक्ष ठेवून.

नवव्या दिवशी मात्र घाबरलो. ताप, धाप, तीन दिवसांत चार किलो वजन वाढलं, पांढऱ्या पेशी एकोणीसशेच्या अठरा हजार. मला वाटलं, उलटलं. डॉक्टर म्हणाले, पेशी एकदम प्रौढ होताना असं होतं; पण दुर्लक्ष केलं तर यातही माणूस जातो. वाट न बघता डेक्सामेथासोन, दिवसातून दोनदा १० मिलिग्रॅम. दोन दिवसांत धाप उतरली. तेव्हापासून रोज सकाळी वजन करून वहीत मांडायचं काम माझ्याकडे आलं, ते मी शेवटपर्यंत केलं.

आठ-नऊ महिने उपचार चालले. परवाच्या तपासणीत ते चिकटलेलं जनुक सापडलं नाही. काल पुतण्या विचारत होता, "काका, दुसऱ्या बाजूची दाढही किडलीय, काढू का?" म्हटलं, आधी सीबीसी करून आण.