निमालिंगच्या तळावरची धाप

लडाखच्या मारखा खोऱ्यातील निमालिंगच्या तळावर, सुमारे 4,800 मीटरवर, हवेचा दाब घटून प्रत्येक श्वासात प्राणवायू कमी मिळतो, त्यामुळे चढावर धाप लागणे स्वाभाविकच असते. डोकेदुखीसोबत मळमळ किंवा अन्न नकोसे होणे ही सौम्य उंचीबाधा असून, तिथेच थांबून विसावा घेतल्यास ती बहुधा दिवसा-दोन दिवसांत ओसरते. मात्र अंथरुणात पडूनही धाप न शमणे हे फुप्फुसांत पाणी साचू लागल्याचे, तर टाचेला बोटे भिडवत सरळ रेषेत चालताना तोल जाणे हे मेंदूला सूज आल्याचे लक्षण होय. अशा रुग्णाला, सकाळची वाट न पाहता, प्राणवायू देत, सोबतीने खाली हांकरकडेच परत न्यावे लागते, कारण पुढची वाट कोंगमारू खिंडीतून आणखी वर चढते.