तळटीप पाहा

बँकेत बावीस वर्षं काढली की माणसाला एक खोड जडते. कुठलाही कागद हातात आला की तो आधी त्याच्या तळाशी पाहतो. वर मोठ्या टायपात काय छापलंय याला फारसा अर्थ नसतो. 'अटी लागू' हे दोन शब्द खाली मुंगीच्या पावलांनी कसे चालले आहेत, त्यावर सगळं असतं.

हा दोष माझा एकट्याचा नाही, कॉमर्सचा आहे. आमच्याकडे बँकेचा ताळेबंद परिशिष्टांसकट छापतात. त्यातल्या बाराव्या परिशिष्टात 'संभाव्य देणी' येतात, म्हणजे बँकेनं दुसऱ्यांसाठी दिलेल्या हमी वगैरे. हा आकडा ताळेबंदाच्या बेरजेत धरत नाहीत. पण उद्या तो दुसरा माणूस बुडाला, तर हाच आकडा उठून बेरजेत येऊन बसतो. सतरावं आणि अठरावं परिशिष्ट म्हणजे तर नुसत्या टिपा. बेरजा ज्याला खऱ्या वाटतात त्यानं बेरजा वाचाव्यात. कोणत्या हिशेबानं खऱ्या मानायच्या हे ज्याला हवं, त्यानं टिपा वाचाव्यात.

तेव्हा अनुवादित कादंबरी हाती आली की मी प्रथम तिची पाठ पाहतो आणि मग तोंड. आमच्या घरी यावर एकदाच चर्चा झाली. "अहो, कादंबरी वाचताय की ऑडिट करताय?" एवढीच ती चर्चा. मी उत्तर दिलं नाही, कारण प्रश्नात तथ्य होतं.

अनुवादक हा खरं तर पडद्याआडचा माणूस. कादंबरीभर तो दुसऱ्याच्या तोंडानं बोलतो. स्वतःच्या तोंडानं बोलायला त्याला जागा मिळते ती प्रस्तावनेत, पानाखालच्या तळटिपेत, पुस्तकाच्या मागच्या टिपांत आणि शब्दसूचीत. यातली कोणती जागा बरी, हे मुलुंडहून सीएसएमटीपर्यंत स्लो लोकलनं जाणाऱ्याला विचारावं. एक हात वरच्या कडीला आणि दुसऱ्या हातात पुस्तक, अशा अवस्थेत तळटीप ही देवाची कृपा असते. नजर चार ओळी खाली गेली की काम झालं. तीच टीप पुस्तकाच्या मागे असली, तर भांडुपला सुटलेलं वाक्य घाटकोपरला सापडतं, आणि तोवर शेजाऱ्याच्या कोपरानं आपली खूण पडलेली असते. मी अशा पुस्तकात दोन खुणा ठेवतो. मजकुरात रेल्वेचा पास आणि टिपांत बसचं तिकीट. उलट केलं तर टी.सी.समोर टिपा उघडाव्या लागतात.

शब्दसूचीवर मात्र माझा पहिल्यापासून विश्वास कमी. आपल्या मुलखातली कादंबरी इंग्रजीत गेली की तिच्या शेपटाला अशी सूची लागते. समजा तिच्यात लिहिलं, 'बाई : स्त्रियांच्या नावापुढे लावायचा आदराचा शब्द.' आता मुलुंडच्या कुठल्याही सोसायटीत येऊन बघा. सकाळी सात वाजता "बाई आली नाही" म्हटलं की घरात हाहाकार होतो. अकरा वाजता "बाई आल्या नाहीत" म्हटलं की वर्गात आनंदीआनंद होतो. आणि संध्याकाळी "अगं बाई!" म्हटलं, तेव्हा कोणतीच बाई अभिप्रेत नसते. शब्द एकच, पण आली की आल्या, एवढ्या एका मात्रेवर मोलकरीण आणि मास्तरीण वेगळ्या होतात. सूचीला ही मात्रा दिसत नाही. ती शब्दाचा अर्थ सांगते, पण तो कोण कुणाला म्हणतो हे सांगायला तिच्याकडे ओळ नसते.

मग ज्याला हे सगळं दिसतं असा अनुवादक काय करतो? माझ्याकडे त्याचा एक नमुना आहे. यू. आर. अनंतमूर्ती यांची 'संस्कार' ही कन्नड कादंबरी १९६५ सालची. तिचा इंग्रजी अनुवाद ए. के. रामानुजन यांनी केला आणि तो १९७६ साली ऑक्सफर्डनं काढला. रामानुजन मूळचे म्हैसूरचे आणि प्राध्यापक शिकागोचे, म्हणजे दोन्ही घरच्या चुली ठाऊक असलेला माणूस.

त्यांनी पहिली गोष्ट केली ती म्हणजे नावाचं भाषांतर केलंच नाही. 'संस्कार' हा शब्द रोमन लिपीत तसाच ठेवला, खाली एका मृतासाठी विधी अशा अर्थाचं उपशीर्षक दिलं आणि सुरुवातीलाच रेव्हरंड किटेल यांच्या १८९४ सालच्या कन्नड-इंग्रजी कोशातले या शब्दाचे अर्थ ओळीनं मांडले. घडवणं, शुद्ध करणं, मनावरचा ठसा, तयारी, पवित्र करणं आणि अंत्यविधी. इंग्रजी वाचकाला इथंच कळतं की आपल्याला एका शब्दात सहा शब्द वाचायचे आहेत.

आपल्याला मात्र या कोशाची गरज नाही. "मुलावर काही संस्कार आहेत की नाहीत?" हे वाक्य कानावर पडत पडतच आपण मोठे झालो, आणि अंत्यसंस्काराला उभंही राहिलो. दोन्हींतला शब्द एकच, हे कधी लक्षात आलं नव्हतं एवढंच. ते एका परदेशी पाद्र्याच्या कोशातून इंग्रजीमार्गे मुलुंडला पोचलं. पु. ल. देशपांड्यांनी हेमिंग्वेच्या म्हाताऱ्याला मराठीत आणताना 'एका कोळियाने' हे नाव दिलं, तेव्हा उलटा प्रकार झाला. त्यात मासे मारणारा कोळी होताच, आणि शाळेतल्या कवितेतला, पडून पुन्हा चढणारा कोळीही फुकटात आला. तिथं टीप लागली नाही, कारण टीप आपल्या डोक्यात आधीच छापलेली होती.

आता कादंबरीकडे. दुर्वासपूर नावाच्या अग्रहारात नारणप्पा मरतो. जन्मानं ब्राह्मण, पण त्यानं दारू प्यायली, मांस खाल्लं, शाळिग्राम पाण्यात फेकला आणि चंद्रीला घरात ठेवली. तरी त्याला वाळीत टाकलेलं नाही, म्हणजे तो ब्राह्मण म्हणूनच मेला. तेव्हा प्रेताला ब्राह्मणाशिवाय कुणी शिवायचं नाही, आणि ब्राह्मणांपैकी कुणी शिवायला तयार नाही. आणि प्रेत उचललं जाईपर्यंत अग्रहारात कुणाच्या पोटात अन्न जायचं नाही. फाईल अडली. सहीचा अधिकार एकाला, जबाबदारी दुसऱ्याला आणि नियम सगळ्यांना. बँकेतल्या माणसाला हे कथानक फार लवकर समजतं.

इथं मी टिपांची एक परीक्षा करतो. टीप झाकून ठेवायची आणि बघायचं, की पात्र असं का वागलं हे अजून कळतं का? खर्चासाठी म्हणून चंद्री अंगावरचे दागिने काढून ठेवते आणि मघाचे सोवळे चेहरे एकदम विचारात पडतात. याला टीप नको. सोन्याला जगात कुठंही तळटीप लागत नाही. पण याच ब्राह्मणांना सुचतं की हे काम शेजारच्या पारिजातपूरच्या लोकांनी केलं तर बरं, आणि त्यांच्याकडे जायचं ठरतं. इथं मी सरळ वाचत गेलो असतो; तेही ब्राह्मण, हेही ब्राह्मण, त्यात काय! पण दुर्वासपूरचे माध्व आणि पारिजातपूरचे स्मार्त. हे मध्वाचार्यांच्या द्वैताचे, ते शंकराचार्यांच्या परंपरेचे. आणि माध्वांच्या नजरेत स्मार्त म्हणजे एक पायरी खाली. म्हणजे ही शेजाऱ्याकडे मागितलेली मदत नव्हे, आपली अडचण खालच्या खात्यात ढकलण्याची खटपट आहे. हे कळलं की तोच प्रसंग विनोदी होतो आणि जरा भीतिदायकही.

अनोळखी शब्दापाशी माणूस थांबतो आणि मागं जाऊन बघतो. खरा घात करतो तो ओळखीचा शब्द. तिथं आपण थांबतच नाही. म्हणून 'संस्कार'च्या टिपा परक्या वाचकासाठी लिहिलेल्या असल्या, तरी आपल्यासारख्या अर्ध्या घरच्या माणसानं त्या जास्त सावधपणे वाचाव्यात.

रामानुजनांनी आणखी एक उपकार केला. कादंबरीचा अर्थ काय, हे त्यांनी पुढं सांगितलं नाही. पुढं एक आटोपशीर निवेदन आहे. वाचकालाच थोडा बदलून त्या मुलखातला करून घ्यावा हा आपला मनसुबा त्यांनी त्यात सांगून टाकलाय. सविस्तर विवेचन मात्र शेवटी, उपसंहारात. इतर किती प्रस्तावनाकार दारातच गाठून, नायक कोणत्या प्रकरणात कसा बदलतो ते सांगून टाकतात! अशी प्रस्तावना कादंबरी संपल्यावर वाचावी. छापणाऱ्यानं ती पुढं छापली, म्हणून आपण पुढं वाचलीच पाहिजे असा रिझर्व्ह बँकेचा नियम नाही.

हे पुस्तक सध्या माझ्या मुलीकडे आहे. ती इंग्रजी माध्यमाची, कॉलेजात जाणारी. ज्या टिपा मी "हे काय, आम्हाला माहीत आहे" म्हणून ओलांडल्या, त्या ती बसचं तिकीट लावून एकेक वाचते. रामानुजनांनी टिपा लिहिल्या त्या सातासमुद्रापलीकडच्या वाचकासाठी. तो वाचक आमच्या दोन खोल्यांत राहायला येईल असं मला वाटलं नव्हतं. परवा तिनं विचारलं, "बाबा, प्रेत पडून आहे तोवर जेवायचं नाही, हे ठीक. पण का?" नियम कादंबरी सांगते; का, ते सांगत नाही, कारण अग्रहारात तो प्रश्न कुणाला पडतच नाही. मी सुतक, सोवळं, शास्त्र असे तीन शब्द सांगितले. म्हणजे शब्दसूचीनं केलं असतं तेवढंच.

"आजीला विचारते," म्हणाली आणि स्वयंपाकघरात गेली.

आई म्हणाली, "शास्त्राचं मला नाही बाई ठाऊक. आमच्या आळीत कुणी गेलं की प्रेत हलेपर्यंत एकाही घरात चूल पेटायची नाही. शेजारी माणूस आडवा पडलाय आणि आपल्या घरातून फोडणीचा वास जाणार, बरं दिसतं का ते?"

मुलीनं परत येऊन त्या पानाच्या तळाशी पेन्सिलीनं बारीक अक्षरात हे सगळं लिहून ठेवलं. मराठीतच लिहिलं. माहितीच्या खाली आजीची सही नाही, तारीखही नाही; आमच्या ब्रँचमध्ये असती तर नोंद परत पाठवली असती. इथं मी ती मंजूर केली आहे.