बांधकामावरची वही

घर बांधायला काढले की पैशांइतकीच आणखी एक गोष्ट झपाट्याने संपते, ती म्हणजे आठवण. चार महिन्यांनी बिल समोर येते तेव्हा कोण कधी काय बोलले, हे दोन्ही बाजूंना आपापल्या सोयीने आठवते. आमच्या कोकणातल्या घराचे काम मजुरीच्या ठेक्यावर दिले होते, माल आमचा होता. पहिल्याच दिवशी आम्ही दोनशे पानी बांधीव वही आणली, पानांवर शाईने क्रमांक घातले आणि रोज संध्याकाळी एक पान भरायचे ठरवले. सुटे कागद मुद्दाम टाळले, कारण सुटा कागद मागाहून घुसवता येतो आणि काढताही येतो.

पानाचे चार भाग केले. पहिला मजुरांचा: गवंडी किती, बिगारी किती, किती वाजता आले आणि कुठल्या भिंतीवर काम केले. दुसरा मालाचा: चलन क्रमांक, सिमेंटच्या गोण्या किती, चिरे किती उतरले आणि त्यांत फुटके किती. वाळूच्या गाडीचा हौदा फुटांत मोजून लिहायचा. शंभर घनफूट म्हणजे एक ब्रास, त्यामुळे चलनावरचा आकडा तिथल्या तिथे पडताळता येतो. ओली वाळू फुगते, मापाला जास्त भरते. म्हणून वाळू ओली की कोरडी हेही लिहायचे. तिसरा हवेचा: पाऊस कधी सुरू झाला, कधी थांबला, काम बंद होते का. चौथा सूचनांचा: कोणी, कोणाला, काय सांगितले. फोनवर सांगितलेलेही यातच.

लिहायची जबाबदारी अब्बांची होती. ठेकेदार घरी निघण्याआधी पान त्याला वाचून दाखवायचे आणि त्याची सही घ्यायची. चुकलेला शब्द एका रेघेने खोडायचा, तो खाली वाचता आला पाहिजे. उरलेल्या कोऱ्या जागेवर तिरपी रेघ मारायची. काम नसेल त्या दिवशीही ‘काम बंद’ आणि त्याचे कारण लिहायचे. मधला दिवस सुटला की बाकीच्या पानांवरचाही विश्वास उडतो.

पहिला वाद नोव्हेंबरचा. ठेकेदाराने बिलात तीन दिवसांची रिकामी मजुरी लावली. सिमेंट आले नाही म्हणून माणसे बसून राहिली, असे त्याचे म्हणणे. वही उघडली. १० आणि ११ तारखेला पाच माणसे हजर होती आणि मालाच्या रकान्यात सिमेंट शून्य. ते दोन दिवस त्याचे खरे होते. दुकानदाराच्या उशिराचा भार मजुरांवर का पडावा? आम्ही पैसे दिले. १२ तारखेला मात्र सकाळी सातपासून अवकाळी पाऊस होता आणि पावसाच्या दिवसाची मजुरी नाही, असे करारातच होते. तिसरा दिवस त्याने स्वतःच बिलातून काढला.

दुसरा वाद स्वयंपाकघराच्या खिडकीचा. चिऱ्याची भिंत फोडून पुन्हा बांधावी लागली आणि त्याचा खर्च आमच्या नावावर आला, कारण “मालकांनी मन बदलले.” वहीत २४ नोव्हेंबरला सूचना होती: खिडकी दोन फूट डावीकडे घ्यावी. खाली ठेकेदाराची सही. भिंत खिडकीच्या तळापर्यंत आली ती २६ तारखेला, म्हणजे सूचनेनंतर दोन दिवसांनी. मग असे झाले कसे? उत्तर मजुरांच्या रकान्यात सापडले. २६ तारखेला जुना गवंडी रजेवर होता आणि नव्याला कोणी सांगितलेच नव्हते. कोणी खोटे बोलत नव्हते. निरोप मध्येच अडकला होता. ठेकेदाराने मजुरी सोडली, फुटलेल्या चिऱ्यांचे पैसेही बिलातून वळते केले, आणि पुढचे काम त्याच्याकडूनच झाले.

वहीच्या मर्यादाही आहेत. ती कराराची जागा घेत नाही. दर आणि अटी वेगळ्या कागदावरच हव्यात. सही नसलेले पान एकतर्फीच ठरते. आठवड्याचे सगळे रविवारी एकदम लिहिले तर एकाच शाईतली, एकाच ओघातली पाने लगेच ओळखू येतात. उलट त्याच दिवशी लिहिलेल्या टिपणाची किंमत कायदाही ओळखतो: आपण स्वतः त्या वेळी लिहिलेले पाहून साक्षीदाराला आठवण ताजी करता येते. सूरह बकराच्या २८२व्या आयतीत उधारीचा व्यवहार, लहान असो की मोठा, मुदतीसह लिहून ठेवायला सांगितले आहे, आणि कारणही दिले आहे की त्यामुळे शंकेला जागा उरत नाही. आमच्या वहीतले दोन दिवस ठेकेदाराच्या बाजूने गेले, म्हणूनच खिडकीचे पान त्याने मुकाट्याने मान्य केले.