शेवटचा रकाना

वडिलांचं जुनं एचएमटी परवा साफ करायला दिलं. कारागिरानं मागचं झाकण सुरीनं उचकटून माझ्यासमोर उजेडात धरलं, तेव्हा त्याच्या आतल्या बाजूला सुईनं ओरखडलेले बारीक आकडे दिसले. कुणाचं आद्याक्षर, कुठे महिना आणि साल, कुठे नुसता कामाचा नंबर. घड्याळ दुरुस्त करणारा आपली खूण अशी आत करून ठेवतो. उद्या तक्रार आली तर काम आपलं की दुसऱ्याचं हे कळावं, एवढाच तिचा हेतू. पण एखाद्या घड्याळाचं आयुष्य वाचायचं तर डायलपेक्षा हे झाकण अधिक खरं बोलतं. डायल नवी बसवता येते, काटे बदलता येतात, काच तर दर दोन-चार वर्षांनी बदलतेच. झाकण सहसा तेच राहतं.

त्यातली एक खूण मी ओळखली. ती मिठबावच्या घड्याळवाल्या बाबांची होती.

मिठबाव देवगड तालुक्यात, अगदी समुद्राला लागून. एका अंगाला गजबादेवीचं देऊळ आणि त्याखाली आपटणाऱ्या लाटा, दुसऱ्या अंगाला माडांचा पट्टा आणि वर सड्यावर हापूसची कलमं. अशा गावात घड्याळाचा धंदा करणं म्हणजे खाऱ्या वाऱ्याशी कायमचं वैर. पावसाळ्यात काचेच्या आत धुकं धरतं, डायलला बुरशीचे ठिपके येतात, चावीच्या दांड्याला गंज चढतो. बाबांचं दुकान म्हणजे पडवीचा एक कोपरा, काचेची पेटी, डोळ्याला लावायचं भिंग आणि टेबलाच्या कडेला उभारलेली पट्टी, चिमट्यातून उडालेला स्क्रू खाली जाऊ नये म्हणून.

घड्याळ हातात घेण्याआधी ते गिऱ्हाईकाकडे बघून विचारत, “माजा वय किती आसात, सांगा बघूया?”

नवखा माणूस गोंधळायचा. पुष्कळांना वाटे, म्हाताऱ्याला तारीफ ऐकायची हौस आहे. तसं मुळीच नव्हतं. त्यांना त्यांचं वय खरोखर ठाऊक नव्हतं. शाळेच्या दाखल्यावर १ जून होता. महाराष्ट्रातल्या त्या पिढीतल्या असंख्य मुलांचा असतो तसा, गुरुजींनी नाव घालताना सोयीनं लिहिलेला. सालही अंदाजानंच. आई एवढंच सांगे की शिमग्याची पालखी दारात आली होती त्या रात्री झालास. कुठल्या सालचा शिमगा, ते तिला सांगता येत नसे. ‘रामदास’ बोट बुडाली तेव्हा तू चालत होतास, असं एक चुलती म्हणायची. दुसरी म्हणायची, तेव्हा तू पोटात होतास. बोट बुडाली १७ जुलै १९४७ला, एवढं पक्कं आहे. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेल्या त्या बोटीनं सहाशेहून जास्त माणसं नेली आणि कोकणात कितीतरी घरांत त्यानंतरची सालं तिच्यापासून मोजली गेली. माणसाच्या आत झाकण नसतं, तेव्हा बाबांनी गिऱ्हाइकांना विचारायला सुरुवात केली.

कामाची एक लांबट चोपडी होती. तारीख, नाव, घड्याळाचं मेक, दोष, मजुरी. आणि शेवटच्या रकान्यात एक आकडा, गिऱ्हाइकानं सांगितलेलं वय. मी सुट्टीत त्यांच्याकडे तासन्‌तास बसत असे आणि ती चोपडी चाळणं हा माझा उद्योग होता. एखादी कादंबरी मी इतक्या गुंगून वाचली नसेल. शाळकरी पोर बेधडक ‘शंभर’ सांगे, कारण त्याच्या हिशेबात आईबापाच्या पलीकडे फक्त शंभरच उरलेले असत. विमा एजंट पाच वर्षं कमी करून सांगे. नर्सबाई चेहऱ्याकडे बघतच नसत, त्या हाताची कातडी आणि मान बघत. त्यांचा आकडा बहुधा सर्वांत जास्त असायचा. आणि ज्याला स्वतःच्या पन्नाशीची धास्ती बसलेली, तो बाबांना नेमका आपल्यापेक्षा वीस वर्षांनी मोठा ठरवायचा. अंतर राखून.

मला मात्र एका गोष्टीनं धरून ठेवलं. गावातली माणसं, रोज पडवीवरून जाणारी, वर्षानुवर्षं एकच आकडा सांगत. दुधवाला, पोस्टमन, देवळाचे गुरव. त्यांच्या रकान्यात साठ म्हणजे साठच, चोपडी संपून दुसरी लागली तरी. चाकरमानी तेवढे वेगळे. गणपतीला मुंबईहून येणाऱ्याचा आकडा दरसाल एकेकानं वाढे, आणि एखादा चार-पाच वर्षांच्या खंडानं आला की तो दारातच थबके आणि एकदम दहानं वाढवून सांगे. दुरावा किती, ते त्या उडीवरून कळे. मला अजून वाटतं की म्हातारपण बघायचं तर थोडं लांब जावं लागतं. जवळची माणसं ते बघतच नाहीत, आणि त्यात प्रेमाचा भाग किती आणि सवयीचा किती हे वेगळं काढता येत नाही.

एका नावापुढे मात्र सगळीकडे तोच आकडा होता. एकोणसत्तर. वरच्या वाडीतल्या एका वयनींचा. त्यांच्या घड्याळाचा दोषही दर वेळी तोच: ‘फुडे जाता’.

ते त्यांच्या यजमानांचं एचएमटी ‘जनता’. सतरा ज्वेल्सचं, रोज चावी द्यायचं. एचएमटीनं जपानच्या सिटिझनच्या सहकार्यानं १९६१मध्ये घड्याळं करायला घेतली आणि पुढची तीसेक वर्षं लग्नात जावयाच्या मनगटावर बहुधा हीच घड्याळं चढली. हे यंत्र सेकंदाला पाच ठोके देतं. दिवसाचे चार लाख बत्तीस हजार. त्यात दिवसाला एक मिनिट चुकलं तर चुकले फक्त तीनशे ठोके. इतकी चूक बाबा माफ करत. पण वयनींचं घड्याळ तासाला दहा मिनिटं पुढे पळत होतं.

मी शेजारी बसलो होतो म्हणून ते सगळं मला दाखवून केलं. घड्याळ एवढं पळतं तेव्हा दोष बहुतेक हेअरस्प्रिंगमध्ये असतो. केसाएवढी बारीक, गोल गुंडाळलेली ही तार बॅलन्स चक्राला मागेपुढे झुलवते. तिचे वेढे एकमेकांना चिकटले की तार जणू आखूड होते, झोका लहान होतो आणि घड्याळ धावत सुटतं. वेढे चिकटायची कारणं मुख्यतः दोन. एक, तेल उडून तारेवर बसणं. दुसरं, लोहचुंबकाची बाधा. दोन्हींचं लक्षण एक, उपाय निराळे. तेलकट तार पेट्रोलमध्ये धुतली की सुटते. चुंबक लागलेली तार कितीही धुवा, पुन्हा चिकटते. बाबांनी खणातून मुलांच्या खेळण्यातलं एवढंसं होकायंत्र काढून उघड्या मशीनवर धरलं. सुई थरथरायला लागली, बॅलन्सच्या तालावर, डावी-उजवी.

“घड्याळ खय ठेवतास?” बाबांनी विचारलं.

“रेडियार,” वयनी म्हणाल्या. “ते थयच ठेवीत.”

यजमान रोज सकाळी बातम्यांच्या आधीचे ठोके ऐकून घड्याळ लावायचे आणि आंघोळीला जाताना रेडिओवरच ठेवायचे. पण ते थोडा वेळ. ते गेल्यावर वयनींनी घड्याळ मनगटावर चढवलं नाही. चोवीस तास त्याची जागा रेडिओवर, नेमकी स्पीकरच्या वर. स्पीकरच्या मागे लोहचुंबक असतं, हे त्यांना कुणी सांगणार? रोज सकाळी त्या चावी देत, ठोके लागले की काटे मागे घेत, आणि दुसऱ्या दिवशी घड्याळ पुन्हा पुढे गेलेलं असे.

उपाय पाच मिनिटांचा. मध्ये भोक असलेलं तारेचं एक वेटोळं असतं, त्यातून घरातली वीज सोडायची, घड्याळ भोकात धरायचं आणि वीज चालू असतानाच ते हळूहळू हातभर लांब न्यायचं. मगच बटण बंद. घाई करून घड्याळ आत असताना वीज तोडली तर ते होतं त्याहून जास्त बाधून बाहेर येऊ शकतं. लांब नेणं हाच त्यातला उपचार. बाबांनी पुन्हा होकायंत्र धरलं. सुई गप्प.

“आता रेडियार ठेवू नका.”

“मगे खय ठेवू?”

“लाकडाच्या फडताळात ठेवा.”

वयनी हो म्हणाल्या. आणि वर्षा-दीड वर्षानं घड्याळ घेऊन परत आल्या. फुडे जाता. बाबांनी होकायंत्र धरलं, सुई थरथरली. त्यांनी काही विचारलं नाही. वीज लावली, घड्याळ लांब नेलं. चोपडीत तशा कितीतरी नोंदी, मजुरीच्या रकान्यात रेघ, शेवटी एकोणसत्तर. मी एकदा म्हटलं, बाबा, त्यांना तुमचं वय वाढलेलं दिसत नाही का? बाबांनी त्या घड्याळाचं झाकण उलटं करून दाखवलं. त्यांनी स्वतः घातलेली एक जुनी खूण, यजमान जिवंत असतानाची. ते आणि बाबा एकाच वर्गातले. गेले तेव्हा एकोणसत्तर वर्षांचे होते, दाखल्याप्रमाणे.

मग बाबांनी मजुरीची रेघ का मारली असेल, ते मी विचारलं नाही.

एचएमटीची घड्याळं करणारी कंपनी बंद करण्याचा निर्णय केंद्र सरकारनं २०१६मध्ये घेतला. तेव्हापासून सुटे भाग मिळतात ते मेलेल्या घड्याळांतून. बाबांकडे डबे भरून होते, बॅलन्सचा एक, पॅलेटचा एक. खारा वारा त्यातल्या हेअरस्प्रिंगांना सोडत नाही. गंजाचा एक ठिपका पडला की ती तार गेली, ती घासून परत येत नाही. म्हणून तो डबा तेवढा ते तांदळात पुरून ठेवत.

चोपडीत एकच रकाना असा होता जिथे वय नव्हतं. एक म्हातारा गाबीत मासेमारीचं आवरून आला होता, मुलानं आखाती देशातून आणलेलं सेलचं घड्याळ बंद पडलं म्हणून. बाबांनी नेहमीचा प्रश्न टाकला. तो म्हणाला, “तां माका काय म्हायत? भरती कदी तां इचारा.” किनाऱ्यावरच्या माणसाचा हिशेब सोपा असतो: तिथीची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता समुद्र भरलेला. रोज पाऊण तास पुढे. बाबांनी विचारलं. त्यानं पंचांग बघितलं नाही, घड्याळ तर बंदच होतं; षष्ठी, म्हणाला, साडेचार. बाबांनी शेवटच्या रकान्यात ४.३० लिहिलं आणि सेल बदलून दिला.