नखाएवढं दूध

माझ्या उजव्या अंगठ्याचं नख मी कधीच अगदी बारीक कापत नाही. ही सवय आईची. माथेरानला शार्लोट तलावाच्या वाटेवर ती कणसं भाजून विकायची. मी आठ-नऊ वर्षांचा असताना तिने माझ्या हातात एक कणीस दिलं आणि वरचं पान जरासं सोलून म्हणाली, "दाब नख." दाबलं. दाण्यातून पांढरं दूध आलं. "हे घ्यायचं. नुसतं पाणी आलं तर कोवळं, पीठ लागलं तर जून."

घराचा सगळा आठवडा त्या दुधावर चालायचा. मका तोडला तरी आतून जिवंतच असतो. गोणीत दाटून भरला की तापतो आणि दाण्यातला गोडवा पिठात जातो. म्हणून आई कधी साठा करायची नाही. जुलै-ऑगस्टात शुक्रवारी रात्री मी आणि मामा नेरळला उतरायचो आणि पहाटेच्या पहिल्या लोकलने पाऊण तासात कल्याण गाठायचो. कल्याणच्या घाऊक बाजारात उजाडायच्या आत गेलं तर आदल्या रात्री उतरलेला माल मिळतो. सात वाजता जाऊन मिळतो तो दुसऱ्यांनी निवडून टाकलेला.

पण तिथे नख चालत नाही. एका व्यापाऱ्याने माझा हात धरला होता, "नख मारलेलं कणीस मी कुणाला विकू?" तेव्हा मामाने दुसरी रीत शिकवली. कणसाचे केस टोकाला तपकिरी, पण हाताला ओलसर हवेत. पान हिरवं, अंगाला घट्ट. आणि पानावरूनच शेंड्याशी चाचपायचं. बोटाला टोक लागलं तर वर दाणा भरलेला नाही, बोथट लागलं तर भरलाय.

आम्ही दोनशे कणसं घ्यायचो. पानांसकट साठ-पासष्ट किलो. लगेजच्या डब्यातून नेरळ, टॅक्सीने दस्तुरी नाका. तिथे गाड्यांचा रस्ता संपतो. पुढे बाजारापर्यंतचे अडीच-तीन किलोमीटर माल घोड्यावर किंवा माणसाच्या डोक्यावर. कल्याणचा भाव आणि आमचा भाव यांतला फरक पाहून पर्यटक तोंड वाकडं करतात, त्यातला बराचसा याच तांबड्या वाटेवर पडलेला असतो.

गर्दी एवढी असताना दोनशेच का, हे मला फार उशिरा कळलं. शेगडीवर एका वेळी पाच कणसं बसायची. निखाऱ्यावर एक भाजायला सहा-सात मिनिटं. जाळावर घाई केली तर वरून काळं, आतून कच्चं. मीठ-तिखट, लिंबू, सुट्टे पैसे धरून तासाला पस्तीसच्या वर हात जायचा नाही. लोक सकाळी चढून येतात, जेवतात, पॉइंट फिरतात. कणीस मागतात ते पाऊस लागून अंग गारठल्यावर, अडीच ते सहा. पुढे खालच्या लोकलच्या ओढीने वाट ओस पडते. साडेतीन तासांत एकशेवीस. तो रविवारचा आकडा. शनिवारी लोक कमी, म्हणून ऐंशी. रविवारची मर्यादा गिऱ्हाइकाची नव्हती, शेगडीची होती.

रविवारची एकशेवीस शनिवारी चढवल्याबरोबर गोणीतून काढून जमिनीवर मोकळी पसरायची, वर ओलं गोणपाट. एकदा, दहावीत असताना, लोकल तुंबली, आम्ही रात्री उशिरा पोहोचलो आणि मी कंटाळून गोणी बांधलेलीच ठेवली. सकाळी हात घातला तर आत ऊब. दाणे चेपलेले, नखाला पीठ. आईने भाजली नाहीत. किसून घरीच संपवली, जेवढी संपली तेवढी. मला काही बोलली नाही, हे जास्त लागलं.

दोन वाजता कोळसा पेटवायचा, कारण सादळलेला कोळसा तडतडतो आणि अर्धा तास धूरच करतो. कोळशाचा डबा घरी चुलीपाशी ठेवायचा, तरीही. कणीस मात्र गिऱ्हाईक समोर आल्याशिवाय सोलायचं नाही. सोललेलं आणि न विकलेलं कणीस म्हणजे माकडांना आमंत्रण. वानरांचं एक टोळकं तर आईपेक्षा वेळेचं पक्कं होतं.

सहाला आवराआवर. सोललेली पानं घोडेवाले घेऊन जात. दाणे खाऊन लोकांनी फेकलेली बुरकुंडं आम्ही झाडीत शिरून वेचायचो, नाहीतर उद्या तिथेच माकडं बसणार. राखेवर दोनदा पाणी. आई हात वर धरून ऊब येते का पाहायची, मगच शेगडी उचलायची.

२००५च्या जुलैतल्या पावसात छोट्या गाडीचा रूळ वाहून गेला. लोक आटले, म्हणून त्या मोसमात आईने दोनशेचे साठ केले. लोकलसाठी पहाटे चारला उठणं मात्र तसंच राहिलं.

मी आता बदलापुरात राहतो. परवा दुकानात प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली, सोललेली दोन कणसं होती. इकडेतिकडे पाहून प्लास्टिकवरूनच नख दाबलं. दाणा फुटला, आत पीठ. ठेवून दिली. आईला फोनवर सांगितलं तर तिने एवढंच विचारलं, "सोललेली किती वाजता होती?"