विश्रांतीचं माप

जिममध्ये नवीन आलेला माणूस स्थिर सायकलकडे बोट दाखवून हमखास एकच गोष्ट मागतो: "सर, ते टाबाटा द्या ना, चार मिनिटांत होतं म्हणे." वीस सेकंद जोर, दहा सेकंद विश्रांती, असे सात-आठ फेरे. इझुमी टाबाटांचा १९९६चा तो अभ्यास क्रीडाशिक्षण घेणाऱ्या तरुण, तंदुरुस्त मुलांवर झाला होता आणि शेवटच्या फेऱ्यांत ती मुलंही पुरती थकत. आमच्याकडे येतो तो दिवसभर खुर्चीत बसलेला, चाळिशीतला माणूस. त्याच्यासाठी सत्र आखताना मी आधी विश्रांती ठरवतो आणि मग जोर.

कारण स्नायूंतच आहे. पहिल्या काही सेकंदांच्या तडाख्याला लागणारी ऊर्जा बरीचशी फॉस्फोक्रिएटिनच्या साठ्यातून येते. तो साठा अर्धा भरायला साधारण अर्धा मिनिट लागतं, बऱ्यापैकी भरायला काही मिनिटं. दहा सेकंदांत तो भरत नाही. मग पुढचा फेरा जोराचा राहत नाही, नुसता धापा टाकायला लावणारा होतो. धाप लागली की माणसाला व्यायाम झाल्याचं समाधान मिळतं, हा भाग वेगळा. म्हणून नवख्याला मी वीस सेकंद जोर आणि दोन मिनिटं हलकं पेडलिंग देतो, म्हणजे एकास सहा. असे तीनच फेरे. आधी पाच-सहा मिनिटं वॉर्मअप, शेवटी तीन-चार मिनिटं सावकाश. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात मार्टिन गिबाला यांच्या गटाने जवळपास हीच मांडणी वापरली होती: वीस सेकंदांचे तीन स्प्रिंट, मध्ये दोन-दोन मिनिटं, आठवड्यातून तीनदा. मी सुरुवात आठवड्यातल्या दोनच दिवसांपासून करतो, तीही दोन-तीन आठवडे साधी सायकल मारून झाल्यावर. रक्तदाब, मधुमेह, छातीत दुखणं असं काही असेल, तर आधी डॉक्टरांचा होकार.

एका बँक अधिकाऱ्यांचं उदाहरण सांगतो. पहिल्या दिवशी सगळं ठरल्याप्रमाणे झालं. दुसऱ्या सत्रात मी दुसऱ्या कोणाची सीट लावून देत होतो, तेवढ्यात हे विश्रांती मिनिटावर आणून मोकळे. "दम भरला होता सर, उगाच कशाला थांबायचं?" नॉब तोच होता, पण डिस्प्लेवरचे मिनिटाचे फेरे पहिल्या स्प्रिंटला १०२, दुसऱ्याला ९५ आणि तिसऱ्याला ८१. पुढच्या वेळी मी शेजारी उभा राहिलो, दोन मिनिटं पुरी घ्यायला लावली. आकडे आले १०२, १०१, ९७. पहिल्या स्प्रिंटपेक्षा दहा टक्क्यांहून जास्त घसरण दिसली, की मी एक तर विश्रांती वाढवतो नाही तर तिथेच थांबवतो. हृदयाच्या ठोक्यांवर इथे भिस्त ठेवत नाही. वीस सेकंदांत ठोके मागेच राहतात, स्प्रिंट संपल्यावर चढतात. विश्रांतीत ते खाली येतायत का, एवढंच त्यात बघण्यासारखं.

विश्रांतीत पाय मात्र फिरतेच हवेत. एकदम थांबलं की पायांत रक्त साचतं, चक्कर येते, मळमळतं. आणि जड चाकाच्या स्पिन बाइकवर पाय मध्येच पेडलवरून काढायचा नाही; चाक फिरतच असतं, पेडल नडगीवर बसतं. नॉब घट्ट करून ते आधी थांबवायचं.

वाढवतानाही मी एका वेळी एकच गोष्ट वाढवतो. दोन-तीन आठवडे आकडे टिकले, तर चौथा फेरा. विश्रांती कमी करणं सगळ्यात शेवटी. आठवड्याची मर्यादा दम ठरवत नाही, मांड्या ठरवतात. दम काही मिनिटांत परत येतो. सवय नसलेल्या स्नायूला दोन-तीन दिवस लागतात. पहिल्याच स्पिनिंग क्लासनंतर स्नायूपेशी फुटून मूत्रपिंडांवर ताण आल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. मांड्या सुजून कडक झाल्या आणि लघवी कोऱ्या चहाच्या रंगाची झाली, तर घरी शेक घेत बसू नये, सरळ दवाखाना गाठावा.

दीडेक महिन्यानंतर त्या अधिकाऱ्यांनी तिसरा दिवस मागितला. मी त्यांचा आठवडा विचारला, तेव्हा कळलं की रविवारी ते सिंहगड चढतात. चढणीपेक्षा उतरण मांड्यांना जास्त महागात पडते, सोमवार-मंगळवार त्या ठणकतात. म्हणजे तिसरा दिवस त्यांच्याकडे आधीच होता, फक्त तो सायकलवर नव्हता. बुधवार आणि शुक्रवार कायम ठेवले, शनिवार रिकामा. "आणि पावसाळ्यात गड बंद पडला तर?" त्यांनी विचारलं. मग सोमवार घ्या म्हटलं, पण फेरे तीनच.